हजेरीपटावरचा कासम

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात शाळेच्या एका निवृत्त मराठी शिक्षकांनी केलेले भाषण)



हैदराबादसारख्या शहरात मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालली, याबद्दल आज पुष्कळ बोलले गेले आहे. मी त्यात भर घालणार नाही. मी या शाळेत मराठी शिकवीत होतो आणि त्याबरोबर अनेक वर्षे शाळेचे जनरल रजिस्टरही माझ्याकडे होते. त्या रजिस्टरात माझ्या हातून झालेल्या एका चुकीची हकिकत आज सांगावी, असे मी ठरवून आलो आहे. चूक एका अक्षराची होती, पण ती निस्तरायला एका घराला दोन वर्षे लागली.

१९८७ सालच्या जून महिन्यात उदगीरकडच्या एका खेड्यातून इकडे आलेले एक गृहस्थ आपल्या मुलाला पाचवीत घालण्यासाठी शाळेत आले. मुलाची चौथी गावाकडच्या मराठी शाळेत झाली होती, म्हणून त्यांना मराठी शाळाच हवी होती. मुलाचे खरे नाव सांगत नाही. त्याला आपण रशीद म्हणू. अर्जावर त्यांनी स्वतःच्या हाताने मुलाचे नाव लिहिले होते: ‘रशीद कासम शेख’. मी त्या सुमारास हौसेने उर्दू शिकत होतो. थोडे शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या चुका फार दिसतात. मी त्यांना म्हणालो, “चाचा, कासम नव्हे, कासिम. मूळ अरबी शब्द कासिम असा आहे.” ते संकोचून म्हणाले, “गुरुजी, आमच्यात कासमच म्हणतात. पण तुम्ही शिकलेले, तुम्हाला ठाऊक.” मी रजिस्टरात ‘कासिम’ असे लिहिले. पुढे दहावीच्या परीक्षेचा अर्ज इंग्रजीत भरताना मूळ उच्चाराचा मान राखावा म्हणून ‘के’ऐवजी ‘क्यू’ हे अक्षर घातले. मला त्या वेळी आपण एक नाव शुद्ध केले, असे समाधान वाटले होते.

ते समाधान किती पोकळ होते हे समजण्यासाठी हे नाव कसे घडले आहे ते पाहावे लागेल. अरबी भाषेत बहुतेक शब्दांचा सांगाडा तीन व्यंजनांचा असतो. त्याला आपण धातू म्हणू. क, स, म ही तीन व्यंजने ‘वाटणे, विभागणे’ हा अर्थ धरून असतात. या सांगाड्यात स्वर ठरावीक साच्याने भरले की निरनिराळे शब्द तयार होतात. पहिल्या व्यंजनाला दीर्घ आ आणि दुसऱ्याला ऱ्हस्व इ लावली की ती क्रिया करणारा असा अर्थ येतो. म्हणून कासिम म्हणजे वाटून देणारा. पैगंबरांच्या एका मुलाचे हे नाव होते. करबल्यात मारल्या गेलेल्या, इमाम हसन यांच्या मुलाचेही हेच नाव, आणि मोहरमच्या दिवसांत दख्खनच्या गावोगावी त्याची आठवण काढली जाते. त्यामुळे हे नाव आपल्याकडे शेकडो वर्षांपासून घरोघर आहे.

या साच्यातले शब्द मराठीत आले तेव्हा त्यांचे काय झाले, हे पाहण्यासाठी नावांकडे जाण्याची गरज नाही. वर्गात रोज सकाळी मुले काय म्हणतात? ‘हजर’. हा शब्द अरबीतल्या हाजिर या शब्दापासून आला. शेताच्या धन्याला आपण मालक म्हणतो; तो मूळचा मालिक. मालमत्तेचा पुढचा हक्कदार तो वारस. तो मूळचा वारिस. तिन्ही शब्द कासिमच्याच साच्यातले आहेत आणि तिन्हींत शेवटच्या अक्षराच्या अगोदरची ऱ्हस्व इ जाऊन तिथे अ आला आहे. मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी त्या ठिकाणची निसटती इ टिकली नाही. कासिमचा कासम झाला तो याच वाटेने. फातिमाची फातमा झाली तीही याच ओढीने. तिथे तर तो स्वर पुरताच गळला. मालक हा शब्द अशुद्ध आहे, मालिक म्हणा, असे मी कधी कोणाला वर्गात सांगितले नव्हते. हजेरी घेताना ‘हाजिर’ म्हणा, असेही सांगितले नव्हते. मग शब्दाला जो न्याय दिला तो नावाला का दिला नाही? उत्तर सरळ आहे. हजर, मालक, वारस हे शब्द मी माझे समजत होतो आणि कासम हे नाव परक्याचे समजत होतो. ते नाव उच्चारणारा माणूस मात्र माझ्याइतकाच मराठी बोलत होता.

या साच्यातल्या शब्दांची मराठीत आणखी एक वाट आहे. कवीला अरबीत शाइर म्हणतात. त्यातल्या मधल्या अक्षराचा, ‘ऐन’चा, घशातून येणारा उच्चार आपल्याकडे नाही. मराठी कानाने तो ह असा ऐकला आणि इ दीर्घ झाली. शाहीर हा शब्द तयार झाला. हमी राहणारा तो जामिन, त्याचा आपण जामीन केला. ही दीर्घ ई आपल्या शुद्धलेखनाच्या नियमातही बसते. १९६२ साली मान्य झालेल्या नियमांप्रमाणे अकारान्त शब्दात शेवटच्या अक्षरापूर्वीचे इकार आणि उकार दीर्घ लिहायचे असतात: गरीब, वकील, फूल. या नियमातून सूट आहे ती संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना. म्हणून पंडित, मंदिर यांत इकार ऱ्हस्व राहतो. अरबी-फारसी शब्दांना अशी सूट ठेवलेली नाही. ते घरचे शब्द म्हणूनच धरले गेले. मराठी वर्तमानपत्रांत कासीम, राशीद, झाकीर असे दीर्घ ईकाराने छापलेले दिसते त्याचे मूळ इथे आहे. हिंदीत ती ऱ्हस्व लिहितात. छापील नावातल्या एका वेलांटीवरून ते मराठी हाताने लिहिले की हिंदी, हे पुष्कळदा ओळखता येते.

आता माझ्या चुकीचा दुसरा भाग. रशीद दहावी होऊन गेला, कामधंद्याला लागला. २००८ साली त्याचे वडील वारले. गावाकडे त्यांच्या नावावर थोडी जमीन होती. वारसाची नोंद करून घ्यायला रशीद गेला, तेव्हा त्याने पुढे ठेवलेल्या कागदांत चार निरनिराळी नावे निघाली. सातबाऱ्यावर ‘कासम इमाम शेख’. माझ्या हातच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘कासिम’. दहावीच्या इंग्रजी प्रमाणपत्रावर ‘क्यू’ने लिहिलेला कासिम आणि इथल्या रीतीप्रमाणे शेख हा शब्द नावाच्या आधी. हैदराबादच्या शिधापत्रिकेवर ‘के’ आणि ‘एच’ लावून लिहिलेला ‘खासिम’. नोंद करणाऱ्या माणसाने विचारले, सातबाऱ्यावरचा कासम आणि दाखल्यावरचा कासिम हे एकच कशावरून? प्रश्न आडमुठेपणाचा नव्हता. त्याच गावात कासीम शेख नावाचे दुसरे एक खातेदार खरोखरच होते. रशीद तो दाखला घेऊन २००९ साली माझ्या घरी आला. रागावला नाही. “सर, हे तुमचं अक्षर आहे ना?” एवढेच त्याने विचारले. त्याच्या प्रश्नात तक्रार नव्हती, म्हणून तो मला अधिक लागला.

खासिम हे रूप कुठून आले, ते इथे जमलेल्यांना सांगावे लागणार नाही. अरबीतला ‘काफ’ हा घशाच्या अगदी आतून येणारा क आहे. मराठीने तो साधा क म्हणून घेतला; म्हणून आपण काझी, कबर, कासम म्हणतो. दख्खनी उर्दूने मात्र त्याच काफचा घासून येणारा ख केला. आपल्या शहरात काझींना ‘खाजी’ आणि कब्रस्तानाला ‘खबरस्तान’ म्हणताना तुम्ही रोज ऐकता. शिधापत्रिका लिहिणाऱ्याने जे ऐकले ते लिहिले. गावात कासम असलेला माणूस चारशे मैलांवर न जाता, नुसता हैदराबादेत उतरून खासिम झाला होता.

रशीदच्या कागदांत पाचवा एक कागद होता, आणि शेवटी तोच उपयोगी पडला. १९४६ साली त्याच्या आजोबांनी मुलांत करून दिलेल्या वाटणीचा तो कागद उर्दूत होता. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथला सरकारी कारभार उर्दूत चाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६०मध्ये महाराष्ट्रात आला आणि तिथले कागद देवनागरीत होऊ लागले. एकाच घरात आजोबांचे नाव एका लिपीत आणि नातवाचे दुसऱ्या लिपीत, अशी स्थिती मराठवाड्यातल्या असंख्य कुटुंबांची आहे. त्या कागदावर लिहिले होते: ‘शेख कासिम वलद शेख इमाम’. वलद म्हणजे मुलगा. पण हे वाचून दाखवताना मी कासिम म्हटले, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आले की कागदावर कासिम असे लिहिलेलेच नाही. तिथे चार अक्षरे आहेत: काफ, अलिफ, सीन, मीम. सीनला इ आहे की अ, हे उर्दू लिपी सहसा दाखवत नाही. ते वाचणाऱ्याने आपल्या मनाने भरायचे असते. पुस्तकी वाचणारा कासिम वाचील, त्या घरातला माणूस कासम वाचील, आणि दोघांच्याही समोर तीच चार अक्षरे असतील.

ही गोष्ट थोडी सावकाश समजून घेण्यासारखी आहे, कारण नावांच्या साऱ्या घोटाळ्याची किल्ली तिच्यात आहे. उर्दू लिपी नावातली व्यंजने काटेकोर राखते आणि ऱ्हस्व स्वर झाकून ठेवते. देवनागरी याच्या उलट वागते. ती प्रत्येक स्वर उघडा करून सांगते, पण अरबीतली कितीतरी व्यंजने एकात एक मिसळून टाकते. काफ आणि काफ यांत भेद करणारी दोन अक्षरे उर्दूत आहेत, आपल्याकडे एकच क आहे. स साठी तिथे से, सीन आणि स्वाद अशी तीन अक्षरे आहेत, आपल्याकडे एकच स. म्हणून आजोबांच्या कागदावरून नातवाच्या कागदावर नाव उतरते तेव्हा एका बाजूला ते अधिक नेमके होते आणि दुसऱ्या बाजूला अधिक पुसट होते. कासम की कासिम, हा प्रश्न देवनागरीने निर्माण केला. उर्दू कागदात तो प्रश्न नव्हताच.

पुसट होण्याचे उदाहरण पाहायचे तर नझीर हे नाव घ्या. अरबीत ही दोन वेगळी नावे आहेत. एकाचा अर्थ सावध करणारा. ते ‘झाल’ या अक्षराने लिहितात आणि पैगंबरांच्या नावांत ते मोडते. दुसऱ्याचा अर्थ तोडीस तोड, बरोबरीचा. ते ‘झोय’ने लिहितात. झाल, झे, झ्वाद आणि झोय ही चार अक्षरे अरबीत चार वेगळ्या उच्चारांची आहेत. फारसीत आणि उर्दूत चौघांचा उच्चार एकच झाला, पण लिहिण्यात भेद राहिला. मराठीत लिहिण्यातलाही भेद गेला. देवनागरीत नझीर वाचून तो कोणता, हे कितीही विद्वान माणसाला सांगता येणार नाही. ते त्या घरालाच विचारावे लागते, किंवा आजोबांचा उर्दू कागद पाहावा लागतो.

याच ठिकाणी मराठीच्या ज आणि झ यांचाही उलगडा होतो. आपल्या ज चे दोन उच्चार आहेत: जीवनातला तालव्य आणि जमिनीतला दंततालव्य. जुन्या काळी आलेल्या जमीन, बाजार, हजार, हजर या शब्दांत फारसी ध्वनी या दुसऱ्या ज मध्ये सामावून गेला. हिंदीसारखा अक्षराखाली नुक्ता देण्याची रीत मराठीत नाही. नाव लिहिताना ज लिहावा तर वाचणारा तो कोणता वाचील याचा भरवसा नाही. जमील, जलील या नावांत तर ज खरोखरच तालव्य आहे. म्हणून अलीकडे मराठी लेखनाने झाकीर, अझीझ, रझिया अशा नावांसाठी झ पत्करला. तरी जुन्या वळणाची घरे जाकीर, रजिया असे ज नेच लिहितात. दोन्ही एकच नावे आहेत. त्यांत शुद्ध-अशुद्ध काही नाही. एक जुनी सोय आहे, एक नवी.

मग प्रश्न राहतो की दोन लेखने म्हणजे एकच नाव की दोन वेगळी नावे, हे ओळखायचे कसे? रशीदच्या कामासाठी बसलो तेव्हा मी स्वतःसाठी एक कसोटी तयार केली. ती नंतर अनेक माजी विद्यार्थ्यांच्या कागदांना उपयोगी पडली, म्हणून सांगतो. आधी दोन्ही नावांतली व्यंजने तेवढी लिहून काढा. क आणि ख, ज आणि झ हे आपसांत बदलतात, एवढे लक्षात ठेवून ती जुळतात का पाहा. जुळली तर पहिल्या अक्षराच्या स्वराकडे पाहा. दुसऱ्या अक्षरातल्या इ, ई किंवा अ यांवर विसंबू नका, कारण मराठी तोंडात आणि मराठी लेखनात तो स्वर बदलतोच. पहिला स्वर मात्र सहसा टिकतो, कारण अ आणि आ यांतला फरक मराठी कानाला स्पष्ट ऐकू येतो.

कासम, कासिम, कासीम, खासिम यांना ही कसोटी लावा. व्यंजने तीच, पहिला स्वर सगळीकडे आ. नाव एकच. आता रशीद आणि राशिद घ्या. व्यंजने तीच, पण पहिला स्वर एकीकडे अ आणि दुसरीकडे आ. ही दोन वेगळी नावे आहेत. राशिद म्हणजे सरळ वाटेने चालणारा, रशीद म्हणजे सुज्ञ, वाट दाखवणारा. हमीद दलवाई यांच्या नावातला हमीद म्हणजे स्तुतीला पात्र असलेला. हामिद म्हणजे स्तुती करणारा. मलिक अंबरच्या नावातला मलिक म्हणजे राजा. आपला मालक, म्हणजे मालिक, तो धनी. हसन आणि हुसेन यांची व्यंजने एकच असली तरी तेही दोन भावांसारखे वेगळे आहेत. हुसेन हे हसनचे लाडके, लघुत्व दाखवणारे रूप आहे. घरात एका भावाचे नाव हसन आणि दुसऱ्याचे हुसेन असते, ते उगीच नव्हे. या जोड्यांत एकाचे दुसरे केले तर ती दुरुस्ती होत नाही, माणूस बदलतो.

हुसेनवरून आणखी एक गोष्ट सांगतो. अरबी उच्चार हुसैनच्या जवळचा आहे आणि मराठीतला ऐ हा अइ असा उच्चारला जातो, म्हणजे हिंदीपेक्षा अरबीला जवळचा आहे. पुस्तकातून नाव घेतले असते तर मराठी माणसाने हुसैनच लिहिले असते. पण जुनेद, सुलेमान, जुबेदा, हुसेन ही सारी रूपे ए ने आहेत. ही नावे आपल्याकडे ग्रंथांतून आली नाहीत. ती फारसी आणि दख्खनी बोलणाऱ्यांच्या तोंडून कानाने ऐकून आली, शेजारातून आली. याउलट लेखनाने सांभाळलेला एक विशेष महंमद या नावात आहे. त्यातला म दुहेरी आहे. मराठीने संमती, संमेलन यांत दुहेरी म अनुस्वाराने दाखवला, तसाच इथेही दाखवला. श्रीगोंद्याच्या संतकवी शेख महंमद यांचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आपण याच लेखनाने वाचतो. अरबी धातू आणि मराठी अनुस्वार यांचा हा मेळ इतका मुरला आहे की त्यात दोन गोष्टी आहेत, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

माझी कसोटी जिथे चालत नाही तेही सांगितले पाहिजे. नझीरसारखी नावे तिच्या पलीकडची आहेत. घरगुती हाकांनाही ती लागू पडत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला आयबू तुम्हाला आठवत असेल. त्याचे मूळ नाव अय्यूब. दुहेरी य एकेरी झाला, पहिला स्वर लांबला आणि शेवटी रामू, गणू, बाळू यांच्यातला ऊ येऊन बसला. हाक मारण्याच्या नावात मराठी आपला हक्क पुरा गाजवते. तिथे पहिला स्वरही सुरक्षित नसतो. आणि अब्दुल हा शब्द कोठे एकटा दिसला तर तिथे थांबावे. अब्दुल म्हणजे ‘अमक्याचा सेवक’. त्याच्यापुढे ईश्वराचे एखादे नाव लागते तेव्हा ते पुरे होते. अब्दुल करीम हे एकच नाव आहे. आपल्या तीन शब्दी पद्धतीत लिहिणारा अब्दुल हे मुलाचे आणि करीम हे बापाचे नाव समजतो, आणि एका पिढीचा बाप कागदावरून नाहीसा होतो. माझ्या हातूनही असे दोनदा झाले होते. सुदैवाने दोन्ही वेळा पालकांनी वेळीच दाखवून दिले.

रशीदचे काम कसे झाले ते सांगून थांबतो. उर्दू वाटणीपत्राचे अधिकृत भाषांतर करून घेतले. त्यात अक्षरांचे वर्णनही घालून घेतले, म्हणजे या चार अक्षरांचे वाचन कासम असेही होते, हे नोंदले गेले. निर्णायक ठरले ते आजोबांचे नाव. दुसऱ्या कासीम शेखांच्या वडिलांचे नाव वेगळे होते, आणि ‘वलद शेख इमाम’ या तीन शब्दांनी दोघे वेगळे झाले. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, गावातल्या जुन्या माणसांचे जबाब, हे सारे जोडले. मीही लिहून दिले की शाळेच्या रजिस्टरातील ‘कासिम’ हे लेखन पालकांच्या अर्जाप्रमाणे नसून ते माझे आहे. जुन्या फायलीत तो मूळ अर्ज सापडला. त्यावर त्या गृहस्थांच्या हातचे ‘कासम’ होते. नोंद झाली तेव्हा २०११ साल उजाडले होते. मधल्या दोन हंगामांत त्या शेतावर रशीदला पीककर्ज मिळाले नव्हते.

त्यानंतर मी शाळेत असेपर्यंत एक रीत पाळली, आणि माझ्यानंतर रजिस्टर पाहणाऱ्यांनाही ती सांगून ठेवली. पालक नाव जसे उच्चारतात तसे आणि जसे लिहितात तसे उतरवायचे. शंका असेल तर अर्थ विचारायचा, पण उत्तर ऐकून लेखन बदलायचे नाही. ज्या घरात उर्दू लिहिणारे कोणी असेल त्यांच्याकडून ते नाव अर्जाच्या पाठीमागे उर्दूत लिहून घ्यायचे. देवनागरीत हरवणारी व्यंजने त्या एका ओळीत जपली जातात आणि उर्दूत झाकले जाणारे स्वर आपल्या रजिस्टरात राहतात. दोन्ही मिळून नाव पुरे होते. इथे बसलेल्या पालकांच्या घरांत आजोबा-पणजोबांचे उर्दू कागद असतील तर ते वाचणारी माणसे आहेत तोवर वाचून घ्या आणि नावे देवनागरीत लिहून ठेवा. वाचणाऱ्याने कोणता स्वर आपल्या मनाने भरला, तेही शेजारी लिहा.

मघाशी मेळाव्याच्या सुरुवातीला आपल्या मुख्याध्यापकांनी गमतीने जुन्या तुकड्यांची हजेरी घेतली. रशीद इथेच आहे. त्याला आज मी त्याच्या परवानगीनेच या नावाने हाक मारतो आहे. त्याचे नाव पुकारले तेव्हा तोही बाकीच्यांसारखा ‘हजर’ म्हणाला. त्या शब्दातली इ कुठे गेली, असे कोणी त्याला विचारले नाही. त्याच्या वडिलांच्या नावातली इ मात्र मी विचारली होती. ते आज नाहीत. म्हणून त्यांचे नाव या सभेत एकदा त्यांच्याच उच्चाराने घेतो आणि भाषण संपवतो: कासम इमाम शेख.